५ आणि ७ मिळून ५७ का होतात? संगणकाच्या पोटातले शून्य आणि एक

पायथन शिकायला सुरुवात केलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच आठवड्यात दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहितो.

```python
a = input("पहिली संख्या: ")
b = input("दुसरी संख्या: ")
print(a + b)
```

तो ५ आणि ७ टाइप करतो. उत्तर १२ यायला हवं, पण स्क्रीनवर 57 उमटतं. प्रोग्राम अडत नाही, चुकीचा संदेशही दाखवत नाही. संगणकाच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर संगणक ५ हा आकडा कसा साठवतो ते पाहावं लागेल.

एकच ५, दोन रूपं

संगणकाच्या स्मृतीत फक्त दोन अवस्था असतात. त्यांना आपण ० आणि १ म्हणतो. अशी एक जागा म्हणजे एक बिट, आणि ८ बिट मिळून एक बाइट. दशमान पद्धतीत उजवीकडून एकक, दहक, शतक अशी स्थानं असतात. द्विमान पद्धतीत ती १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढतात. पाच म्हणजे ४ अधिक १, म्हणून पाच ही संख्या एका बाइटमध्ये ०००००१०१ अशी लिहिली जाते.

अक्षरांना मात्र स्वतःची किंमत नसते. म्हणून प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक द्यायचा, असं ठरवण्यात आलं. १९६० च्या दशकात तयार झालेल्या आस्की या तक्त्यात इंग्रजी मोठ्या A चा क्रमांक ६५ आहे, तर कीबोर्डवरच्या 5 या चिन्हाचा क्रमांक ५३. म्हणजे चिन्ह म्हणून साठवलेला पाच ००११०१०१ असा दिसतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतला नमुना वेगळा असतो.

`input()` कडून जे येतं ते नेहमी चिन्हांच्या रूपात येतं. चिन्हांच्या बाबतीत `+` चा अर्थ 'एकापुढे एक जोड' असा आहे, म्हणून 57. `int(a) + int(b)` असं लिहिलं की चिन्हांची संख्या होते आणि 12 मिळतात. याच गोंधळाचं दुसरं रूप यादी क्रमाने लावताना दिसतं. आकडे चिन्हांच्या रूपात असतील तर 100 हा 20 च्या आधी लागतो, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून होते आणि 1 चा क्रमांक 2 च्या आधीचा आहे. यादीत १, १०, १००, २, २० असा क्रम दिसला की आकडे मजकूर म्हणून साठवले गेले आहेत, हे ओळखावं.

'मराठी'ची लांबी किती?

आस्कीत फक्त १२८ चिन्हांची सोय होती. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. पुढे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड हा एकच मोठा तक्ता आला. त्यात काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणून पायथनला विचारलं तर असं उत्तर मिळतं:

```python
>>> len("मराठी")
5
>>> len("मराठी".encode("utf-8"))
15
```

आपल्याला तीन अक्षरं दिसतात. पायथन म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं मोजतो. आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून पंधरा. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न एवढाच, की आपण नेमकं काय मोजतोय?

मराठी मजकुराची फाइल उघडल्यावर `à¤®à¤°` असं काहीतरी विचित्र दिसतं, त्यामागेही हेच आहे. 'म' चे तीन बाइट एकत्र वाचायचे असतात. उघडणारा प्रोग्राम प्रत्येक बाइट म्हणजे एक युरोपीय अक्षर, असं समजून वाचतो आणि एका 'म' ची `à`, `¤`, `®` अशी तीन चिन्हं होतात. फाइल बिघडलेली नसते, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचली जात असते. उघडताना यूटीएफ-८ निवडलं की मराठी पुन्हा दिसू लागतं. मात्र तो कचरा दिसत असतानाच फाइल सेव्ह केली, तर मूळ मजकूर परत मिळवणं अवघड होऊ शकतं.

०.१ नेमका ०.१ नसतो

आतापर्यंतची गडबड अर्थ लावण्यात होती. अपूर्णांकांच्या बाबतीत अडचण साठवण्यातच आहे.

```python
>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004
>>> 0.1 + 0.2 == 0.3
False
```

एक तृतीयांश दशमान पद्धतीत लिहायला गेलं तर ०.३३३३… असं कधीच संपत नाही. द्विमान पद्धतीत तीच गत एक दशांशाची होते. तिथे बिंदूनंतरची स्थानं अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश अशी असतात. अर्धा किंवा पाऊण त्यात नेमका बसतो. एक दशांश मात्र ०.०००११००११००११… असा लांबतच जातो. पायथन अशा संख्येसाठी ६४ बिट वापरतो, म्हणून शेपूट कुठेतरी तोडावंच लागतं. साठवलेली किंमत ०.१ पेक्षा अगदी किंचित जास्त असते.

हा किंचित फरक पुढचा प्रोग्राम कायमचा फिरत ठेवतो:

```python
x = 0.0
while x != 1.0:
    x = x + 0.1
```

दहाव्या फेरीनंतर x ची किंमत 1.0 होत नाही, 0.9999999999999999 होते. पुढच्या फेरीत ती एकाच्या पलीकडे जाते आणि थांबण्याची अट कधीच पूर्ण होत नाही.

अशा फरकाने माणसांचे जीवही गेले आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. त्याचे सेकंद करताना त्या मोजणीला ०.१ ने गुणलं जाई आणि तो ०.१ अवघ्या २४ बिटांत साठवलेला होता. दर दशांशामागे चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढीच होती. पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग सुरू होती, म्हणजे ३६ लाख दशांश मोजून झाले होते. साचलेली चूक सुमारे ०.३४ सेकंदांची झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणा त्याला चुकीच्या जागी शोधत राहिली. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

अपूर्णांक आले की म्हणूनच `==` वापरून तुलना करू नये. फरक पुरेसा लहान आहे का, एवढंच तपासावं. पायथनमध्ये त्यासाठी `math.isclose(0.1 + 0.2, 0.3)` आहे. पैशांचा हिशेब करायचा असेल तर रुपयांचे अपूर्णांक टाळून पैसे पूर्णांकात ठेवावेत. १० रुपये १० पैसे म्हणजे 1010. पूर्णांक द्विमानात नेमके बसतात, त्यामुळे शेपूट तोडण्याची वेळच येत नाही.