करार ‘क्लीन’ होऊन परत आला? सही करायच्या आधी हे तपासा

व्हिडिओमध्ये Track Changes कसं चालू करायचं ते दाखवलं होतं. त्याखाली एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: “भाऊ, समोरच्याने बदल केले असं तो म्हणतो, पण फाइलमध्ये लाल रेघ एकसुद्धा दिसत नाही. असं का?” व्हिडिओत ते मावलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही जळगावात केळी वेफर्स बनवता आणि धुळ्यातल्या एका वितरकाला माल द्यायचं ठरलंय. कराराचा मसुदा तुम्ही वर्डमध्ये केला. त्यात लिहिलं, पेमेंट ३० दिवसांत, आणि न खपलेला माल परत घेणार नाही. वितरकाने तो आपल्या हिशेबनीसाकडे दिला. हिशेबनीस शिस्तीचा माणूस, त्याने Track Changes चालू ठेवून काम केलं. ३० खोडून ४५ केले. “परत घेणार नाही” मधला “नाही” खोडला. आणि पेमेंटच्या ओळीला कॉमेंट लावली: “४५ दिवसांचं समोरच्याशी बोलणं झालेलं नाही, आधी विचारून घ्या.”

इथपर्यंत सगळं बरोबर चाललंय. गडबड पुढे होते. वितरकाच्या ऑफिसमधला मुलगा ती फाइल उघडतो, मजकूर कॉपी करतो आणि त्यांच्या लेटरहेडच्या फाइलमध्ये पेस्ट करतो. किंवा टायपिंगवाल्याकडे जातो आणि तो स्टॅम्प पेपरसाठी वर अर्धं पान मोकळं सोडलेल्या तयार फाइलमध्ये पेस्ट करतो. माझ्या दुकानात हे रोज चालतं: “भाऊ, हे फक्त लेटरहेडवर घ्या ना.” कोणाच्या मनात काही काळंबेरं नसतं. पण तुमच्याकडे येते ती एकदम स्वच्छ फाइल. ४५ असं लिहिलंय, जणू पहिल्यापासून ४५च होते. तुम्ही ती तुमच्या सीएला किंवा वकिलाला पाठवता. त्यांना बदल दिसतच नाहीत, मग ते तपासणार काय?

आता हे होतं कसं ते समजून घ्या. वर्डमध्ये खोडलेला शब्द खरा खोडलेला नसतो. तो फाइलमध्येच असतो, त्याच्यावर फक्त “याने, या वेळी खोडला” अशी खूण असते. कॉपी करताना मूळ फाइलमध्ये Track Changes चालू असेल, तर वर्ड सगळे बदल मान्य केल्यासारखा मजकूर उचलतं. खोडलेलं मागे राहतं, नवं लिहिलेलं साधं होऊन येतं. मूळ फाइलमध्ये बंद आणि नव्या फाइलमध्ये चालू असेल, तरी घोटाळाच: अख्खा मजकूर नवीन लिहिल्यासारखा रंगीत दिसतो, त्यात ४५ कुठे शोधणार? आणि पेस्ट करताना Keep Text Only निवडलं, किंवा मजकूर व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये टाकला, तर खुणाही जातात आणि कॉमेंटही जातात.

म्हणजे खुणांसकट मजकूर हलवायचाच असेल, तर कॉपी करण्याआधी दोन्ही फाइलमध्ये Track Changes बंद करायचं. कीबोर्डवर Ctrl+Shift+E. बंद केल्याने आधीच्या खुणा पुसल्या जात नाहीत, फक्त नवीन नोंद थांबते. लोक इथेच घाबरतात. मग Review टॅबमध्ये All Markup निवडा, म्हणजे खोडलेलं डोळ्यांसमोर येईल, आणि मग कॉपी करा. कॉमेंट मजकुराच्या ज्या तुकड्याला चिकटलेली आहे तो तुकडा पूर्ण सिलेक्ट झाला पाहिजे. पेस्ट झाल्यावर Reviewing Pane उघडून दोन्ही फाइलमधले बदल मोजा. आकडा जुळला तर ठीक. पण माझं मत विचाराल तर मजकूर हलवूच नका. लेटरहेडचा लोगो आणि पत्ता उचलून कराराच्या फाइलच्या हेडरमध्ये टाका, काम तेच होतं.

हे झालं पाठवणाऱ्याचं. तुमच्या हातात स्वच्छ फाइल आलीच असेल तर काय? आधी All Markup लावून बघा, कारण कधी कधी No Markup निवडलेलं असतं आणि खुणा फक्त लपलेल्या असतात. तरीही शून्य बदल दिसले, तर File मध्ये Info बघा. फाइल आजच तयार झालेली आणि Total Editing Time चार-पाच मिनिटं, म्हणजे पेस्ट करून बनवलेली असण्याची शक्यता आहे. हा पुरावा नव्हे, संशय घ्यायला पुरेसं आहे एवढंच.

मग Review मध्ये Compare. हे कंप्युटरवरच्या वर्डमध्येच करा. Original document म्हणून तुम्ही पाठवलेली फाइल, Revised document म्हणून त्यांची. More दाबून Formatting ची खूण काढा, नाहीतर लेटरहेडच्या फॉन्टमुळे पानभर फालतू बदल दिसतील. OK केलं की तिसरीच एक नवी फाइल उघडते आणि त्यात ३० खोडून ४५ आणि गायब झालेला “नाही” असे दोन्ही बदल दिसतात. तुमच्या दोन्ही मूळ फाइल जशाच्या तशा राहतात. म्हणूनच आपण पाठवलेली प्रत वेगळ्या नावाने, तारखेसकट जपून ठेवायची. ती नसेल तर तुलना कशाशी करणार?

आपल्याकडची एक खास अडचण सांगतो. टायपिंगवाल्याने तुमचा युनिकोडमधला मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये घेतला असेल, तर डोळ्यांना अक्षरं तीच दिसतात, पण कंप्युटरच्या लेखी प्रत्येक शब्द वेगळा असतो. Compare अख्खा करार बदललेला दाखवतो. अशा वेळी आधी तो मजकूर युनिकोडमध्ये परत आणायचा, नाहीतर दोघांनी बसून एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने जुन्या प्रतीवर बोट ठेवायचं.

आणि Compare ला एक मर्यादा आहे. काय बदललं ते कळतं, पण कोणी आणि कधी बदललं ते कळत नाही. सगळ्या बदलांवर एकच नाव पडतं. कॉमेंट तर परत येतच नाही. आपल्या उदाहरणात “समोरच्याशी बोलणं झालेलं नाही” ही ओळ फक्त धुळ्यातल्या त्या मूळ फाइलमध्ये आहे. ती तुम्हाला दिसली असती, तर वितरकही ४५ वर अडून बसलेला नाही हे तुम्हाला कळलं असतं.

४५ च का, हेही समजून घ्या. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे त्याने ६० लिहिले असते तर कायदा तुमच्या बाजूने होता. ४५ कायद्यात बसतात. सही केली की ते तुमचे ठरलेले ४५ झाले.

त्यामुळे फाइल स्वच्छ आली की भांडू नका, फोनवर वादही घालू नका. वितरकाला साधा मेसेज टाका: “शेठ, करार मिळाला. तुमच्या हिशेबनीसांनी ज्या फाइलमध्ये बदल केले ती मूळ वर्ड फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कॉपी-पेस्ट न करता. पेमेंटचे दिवस आणि माल परतीची ओळ बदललेली दिसते, ती बघून उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो.”