सिंकिंग फंडातून रंगकाम का नाही?



मागच्या सर्वसाधारण सभेत बाहेरच्या रंगकामाचा आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला. अंदाजपत्रक ९ लाखांचं आहे आणि दुरुस्ती निधीत जेमतेम ३ लाख आहेत. उरलेल्या ६ लाखांसाठी दर फ्लॅटमागे २५ हजार रुपये काढावे लागतील, असं मी सांगितलं. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: सिंकिंग फंडात १८ लाख पडून असताना आमच्याकडे पैसे का मागता? सभेत वेळ कमी होता, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर लिहीत आहे.

तुमच्या महिन्याच्या बिलात दोन रकमा शेजारी शेजारी येतात. दुरुस्ती निधी ३०० रुपये, सिंकिंग फंड १०० रुपये. हे आकडे कमिटीने मनाने ठरवलेले नाहीत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, असा दरसाल गोळा करायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे इमारत उभी राहताना प्रत्यक्ष झालेला आणि आर्किटेक्टने प्रमाणित केलेला खर्च. त्यात जमिनीची किंमत नाही आणि फ्लॅटचा आजचा बाजारभावही नाही. आपली इमारत १९९८ ची. प्रत्येक फ्लॅट ६०० चौरस फुटांचा, खर्च चौरस फुटाला ८०० रुपये, म्हणजे फ्लॅटमागे ४ लाख ८० हजार. त्याचा पाऊण टक्का वर्षाला ३,६०० होतो आणि पाव टक्का १,२००. त्याला बाराने भागलं की बिलावरचे आकडे येतात.

दुरुस्ती निधी हा खर्च होण्यासाठीच आहे. पंपाची मोटर जळली, डक्टमधला ड्रेनेजचा पाइप फुटला, जिन्याचं प्लास्टर सुटलं, तर कमिटीने आपल्या अधिकारमर्यादेत तो वापरायचा. २४ फ्लॅटचे मिळून वर्षाला ८६,४०० रुपये जमतात आणि त्यातले बरेचसे त्याच वर्षी संपतात. बाहेरचा रंगही याच प्रकारात मोडतो. रंग सहा-सात वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो, म्हणजे तो देखभालीचा भाग आहे.

सिंकिंग फंडाचं काम वेगळं आहे. इमारतीची पुनर्बांधणी, ती भक्कम करण्यासाठी आर्किटेक्टच्या मते आवश्यक असलेले सांगाड्यातले बदल किंवा आर्किटेक्टने दाखला दिलेली जड दुरुस्ती, एवढ्यासाठीच तो वापरता येतो. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. शिवाय आपल्या नोंदणीकृत उपविधींच्या प्रतीत निबंधकांच्या पूर्वपरवानगीची अट आहे का, हेही पाहावं लागतं. कमिटी एकट्याने त्याला हात लावू शकत नाही.

नियम आहे म्हणून गप्प बसा, असं मला म्हणायचं नाही. त्यामागचं कारण आपल्याच पार्किंगमध्ये दिसतं. मागच्या बाजूला ड्रेनेज लाइनजवळच्या कॉलमच्या कोपऱ्यांवर उभ्या, सरळ भेगा पडल्या आहेत. प्लास्टर सुकताना पडणाऱ्या भेगा केसासारख्या बारीक आणि वेड्यावाकड्या असतात. सळईच्या रेषेत सरळ खाली जाणारी भेग वेगळी गोष्ट सांगते. ओल आत शिरली, सळई गंजली. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीटला बाहेर ढकलतो. भेगेच्या कडेला तपकिरी डाग दिसतात आणि हातोडीने हलकेच ठोकलं तर पोकळ आवाज येतो. त्यावर रंग मारला तर भेग दिसेनाशी होते, पण गंज आत चालूच राहतो. अशा वेळी सैल काँक्रीट काढून, सळया साफ करून, गरज पडल्यास नव्या सळया जोडून कॉलमला नवं आवरण द्यावं लागतं. हे काम सुरू असताना वरचा भार टेकूंवर घेतात. ते टप्प्याटप्प्याने, वर्गणी जमेल तसं करता येत नाही. ठेकेदार लावला की पैसे तयार लागतात.

म्हणूनच हा निधी वेगळ्या मुदत ठेवींत ठेवलेला आहे. २५ वर्षांत वर्षाला २८,८०० रुपयांप्रमाणे आपण ७ लाख २० हजार भरले. त्यावरचं व्याज, साधारण ७ टक्क्यांच्या आसपास, दरवर्षी त्याच निधीत जमा होत गेलं आणि रक्कम १८ लाखांवर पोचली. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा व्याजाचा आहे. हे व्याज मेंटेनन्स कमी करण्यासाठी वापरलं असतं, तर आज हातात फक्त मुद्दल असतं.

एक सभासद म्हणाले, मी फ्लॅट विकणार आहे, मग माझे सिंकिंग फंडाचे पैसे मला मिळतील का? मिळणार नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं. ज्या वर्षांत आपण राहिलो, त्या वर्षांत इमारत जेवढी झिजली त्याचा आपला वाटा आपण भरला. आज तो पैसा रंगावर घालवला, तर गेल्या २५ वर्षांच्या झिजेचं बिल पाच वर्षांनी इथे फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती पडेल.

ही रक्कम पुरेशी आहे, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. पाव टक्का आकारला जातो १९९८ च्या खर्चावर आणि काम करावं लागतं आजच्या दराने. चौरस फुटाला अडीच हजार धरले तरी आपली इमारत नव्याने बांधायला ३ कोटी ६० लाख लागतील. १८ लाख म्हणजे त्याचे पाच टक्के. या निधीतून पुनर्बांधणी होणार नाही, सांगाड्याची मोठी दुरुस्ती मात्र वेळेवर सुरू करता येईल. पाव टक्का ही किमान मर्यादा आहे, सभेला दर वाढवता येतो. तो दुप्पट करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने प्रत्येकाचं बिल महिन्याला १०० रुपयांनी वाढेल.

निधी खरोखर जागेवर आहे की नाही, हे तुम्हीही तपासू शकता. ताळेबंदाच्या देयता बाजूला ‘सिंकिंग फंड’ या नावापुढे जी रक्कम दिसते, ती मालमत्ता बाजूच्या सिंकिंग फंडाच्या ठेवींशी ताडून पाहा. कागदावर निधी १८ लाख आणि ठेवी ११ लाख असतील, तर ७ लाख कुठेतरी रोजच्या खर्चात गेले, असाच त्याचा अर्थ. बिलात दोन वेगळ्या ओळी असल्या म्हणजे पैसाही वेगळा ठेवला आहे, असं होत नाही. आपल्याकडे दोन्ही रकमा जुळतात. ठेवींच्या पावत्या कार्यालयात आहेत, येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा कुणीही येऊन पाहाव्यात.

आता रंगाचे ६ लाख. त्यासाठी उपविधींत मोठ्या दुरुस्तीचा निधी अशी स्वतंत्र तरतूद आहे. तो गरजेप्रमाणे, सभेने ठरवलेल्या दराने, फ्लॅटच्या क्षेत्रफळावर आकारतात. आपले फ्लॅट सारखे असल्याने वाटाही सारखाच येतो. २५ हजार एकदम देणं ज्यांना जड जाईल, त्यांच्यासाठी महिना अडीच हजारांचे दहा हप्ते ठेवावेत, असा प्रस्ताव मी मांडत आहे. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि आपलं लांबलं आहे. आधी रंग देऊन मग कॉलम फोडायची वेळ आली, तर तोच रंग पुन्हा द्यावा लागेल. म्हणून विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय ऑडिटचा आणि दुसरा रंगकामाच्या वर्गणीचा घेतला आहे. ऑडिटरचे तीन दरपत्रक मागवले आहेत, ते सभेच्या नोटिशीसोबत मिळतील.

आपला,
खजिनदार