सुटी टेबलं भाड्याने देताना

कोविडनंतर अनेक माणसं घरून काम करू लागली आणि बऱ्याच छोट्या कंपन्यांकडे एखादा मजला मोकळा राहिला. तो एकाच भाडेकरूला द्यायचा, की सोळा टेबलं टाकून सोळा जणांना द्यायचा? दुसऱ्या पर्यायात पैसा जास्त, असं बहुतेकांना वाटतं. कधी असतोही. पण गणित मांडलं की आधी गृहीत धरलेल्या बऱ्याच गोष्टी कोसळतात.

उदाहरण म्हणून पुण्यात कर्वे रस्त्याच्या आसपासचा मजला धरू. १२०० चौरस फूट कार्पेट, वरच्या मजल्यावर मालकाचीच डिझाइन कंपनी. मीटिंग रूम, पँट्री आणि ये-जा करायची वाट सोडली तर सोळा सीट बसतात.

गैरसमज: एकूण खर्चाला टेबलांनी भागलं की दर निघतो

पूर्ण मजला दिला असता तर चौरस फुटाला ६० रुपयांनी ७२,००० रुपये भाडं आलं असतं. ते हातचं गेलं, म्हणून तोही खर्चच. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स ६,०००, मिळकतकर महिन्याला ५,०००, वीज २२,०००, दोन कंपन्यांचं इंटरनेट ५,०००, साफसफाई १२,०००, पाणी-चहा ६,००० आणि किरकोळ दुरुस्ती ४,०००. एकूण १,३२,०००. सोळाने भागलं की ८,२५० येतात आणि मालक तोच आकडा लावून मोकळा होतो.

पण सोळाच्या सोळा सीट बाराही महिने भरलेल्या राहत नाहीत. कुणी दोन महिन्यांत सोडून जातो, नवा माणूस यायला वेळ लागतो. सरासरी बारा सीट भरल्या तर ८,२५० ने हातात ९९,००० येतात आणि दरमहा ३३,००० चा खड्डा पडतो. भागाकार बाराने करायला हवा, म्हणजे दर येतो ११,०००. तेवढ्याला शेजारच्या इमारतीत चकाचक को-वर्किंग मिळत असेल तर तुमच्याकडे कोण येणार?

मग खालचं टोक बघायचं. खिशातून जाणारा खर्च ७२,००० वगळून ६०,०००, म्हणजे बारा सीटना प्रत्येकी ५,०००. याच्या खाली उतरलात तर पदरचे पैसे घालावे लागतात. खरा दर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. ८,५०० धरू. बारा सीटचे १,०२,००० येतात, खर्च वजा जाता ४२,००० उरतात. पूर्ण मजला एकाच भाडेकरूला दिला असता तर वीज-साफसफाई त्याची. मेंटेनन्स आणि कर भरून मालकाच्या हातात ६१,००० आले असते. टेबलांनी तेवढे मिळवायचे तर चौदाहून जास्त सीट कायम भरलेल्या हव्यात. म्हणून माझं मत असं की, मजला पाच वर्षं लागणारच नसेल तर एकाला द्या. वर्ष-दीड वर्षात आपल्याच माणसांसाठी लागेल अशी शक्यता असेल, तर टेबलं द्या. ती महिन्याच्या नोटिशीवर परत घेता येतात.

दर सांगताना जीएसटी विसरू नका. मालकाची कंपनी नोंदणीकृत असेल तर सीटवर १८ टक्के लागतो. नोंदणी नसलेल्या एकट्या व्यावसायिकाला त्याचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी तुमचे ८,५०० म्हणजे १०,०३० असतात. जाहिरातीतच दोन्ही आकडे लिहिले की पहिल्या बिलाला कटकट होत नाही.

गैरसमज: विजेचं बिल डोक्यामागे वाटणं सगळ्यात न्याय्य

ऐकायला बरोबर वाटतं. पण लॅपटॉप साधारण ५०-६० वॅट खातो. आठ तास, पंचवीस दिवस धरले तरी दहा-बारा युनिट. व्यापारी दर सगळे आकार धरून युनिटला १५ रुपये मानला तर पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. बिलाचा मोठा भाग एसीचा असतो, आणि दीड टनाचे चार एसी चार माणसांसाठीही चालतात, बारांसाठीही. डोक्यामागे वाटलं की माणसं कमी झालेल्या महिन्यात उरलेल्यांचं बिल फुगतं, आणि चिडून आणखी दोघं जातात.

त्यापेक्षा सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सातची वीज दरातच धरावी. सातनंतर किंवा रविवारी एसी लावायचा तर तासाचा ठरलेला आकार, वहीत सही करून. मजल्याला स्वतंत्र सब-मीटर बसवा, नाहीतर वरच्या कंपनीची वीज खालच्यांच्या माथी मारली जाते असा संशय कायम राहतो. अपवाद एकच: थ्री-डी रेंडरिंगचा भारी पीसी आणणारा. ४०० वॅटचं यंत्र दिवसाला दहा तास चाललं तर महिन्याला शंभर युनिट, म्हणजे १,५०० रुपये. त्याच्याकडून वेगळे घ्या आणि ते पहिल्याच दिवशी सांगा.

गैरसमज: कागदावर "लायसन्स" लिहिलं की भाडेकरूचा हक्क लागत नाही

दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या आणि कागद लायसन्सचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५९ मध्ये बहुमताने निर्णय लागला की ही लीजच आहे, कारण त्या जागेचा ताबा पूर्णपणे त्या व्यावसायिकाकडे होता. शीर्षकापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार मोठा.

सुट्या टेबलाला याची भीती कमी, कारण दार, किल्ली आणि ताबा तुमच्याकडेच राहतो. गडबड होते ती काचेची केबिन देताना. कुलूप त्याचं, किल्ली त्याची, दारावर पाटी त्याची. अशा केबिनसाठी लिव्ह अँड लायसन्स करार करून नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर आहे. ती केली नसेल तर वादात अटींबद्दल समोरच्याचं म्हणणं खरं धरून सुरुवात होते.

आणि तुम्ही स्वतःच भाड्याने बसला असाल तर? "भाडं मी भरतो, मग टेबल कुणाला द्यायचं ते मी ठरवणार" हे चालत नाही. त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे करारात मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवणं किंवा जागा लायसन्सने देणं बेकायदा आहे. मूळ मालकाची लेखी संमती आधी.

गैरसमज: सुशिक्षित माणसांना नियम कशाला?

भांडणं मोठ्या गोष्टींवरून होतच नाहीत. स्पीकरवर चाललेला क्लायंटचा कॉल, बांगड्याच्या डब्याने भरून गेलेला मायक्रोवेव्ह, दोन तास अडवून ठेवलेली मीटिंग रूम. "शांतता राखावी" या पाटीचा उपयोग शून्य. नियम मोजता येईल असा हवा: पाच मिनिटांहून लांब कॉल असेल तर बाहेरच्या गॅलरीत किंवा फोन बूथमध्ये, मीटिंग रूम महिन्याला सीटमागे सहा तास, पुढे पैसे, जेवण पँट्रीतच, पाहुणा मीटिंग रूममध्ये, टेबलाशी नाही. कोण बोलणार हेही ठरलेलं असू द्या. शेजारच्याने शेजाऱ्याला टोकलं की वैर होतं. ऑफिसच्या व्यवस्थापकाने सांगितलं की तो नियम असतो.

वाय-फाय मालकाच्या कंपनीपासून वेगळं ठेवा आणि प्रत्येकाला त्याचा पासवर्ड द्या. कनेक्शन तुमच्या नावावर असल्याने गैरवापर झाला तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होते.

गैरसमज: पत्ता वापरू दिला तर आपलं काय जातं?

सीट घेणारा लवकरच संमतीपत्र आणि वीजबिलाची प्रत मागतो, जीएसटी नोंदणीसाठी. देण्यात गैर काही नाही. पण माणूस निघून जातो आणि पत्ता मागे राहतो. पुढच्या नोटिसा आणि चौकशीला येणारा अधिकारी तुमच्या दारात उभा राहतो. व्यवसायाची जागा बदलली की पंधरा दिवसांत नोंदणीत दुरुस्तीचा अर्ज करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पण जाणारा माणूस त्याची घाई करत नाही. म्हणून करारातच लिहा: पत्ता बदलल्याचं सुधारित नोंदणी प्रमाणपत्र दाखवल्यावरच डिपॉझिट परत. आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या दराएवढं तरी ठेवा, म्हणजे ते परत घ्यायला तो नक्की येईल.