पुढच्या लॉटला किती तास लागतील?

भोसरीतला एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. काम इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेलचं. एका पार्टीने अगदी नव्या डिझाइनचे १० पॅनेल मागवले. ते पूर्ण व्हायला कामगारांचे मिळून ८०० तास लागले. मजुरी, फंड, बोनस धरून तासाला २०० रुपये पडतात. तास वाढले की वाढणारा वरखर्च तासाला आणखी ५० रुपये. केबल, स्विचगिअर, पत्र्याची पेटी असा माल पॅनेलमागे ३०,००० रुपयांचा. म्हणजे १० पॅनेलना माल ३ लाख, तासांचा खर्च २ लाख, एकूण ५ लाख. एक पॅनेल ५०,००० रुपयांना पडला. हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत, पण प्रसंग रोजचा आहे. कारण महिनाभराने पार्टीचा पर्चेसवाला फोन करतो: आणखी ३० हवेत, भाव सांगा.

सरळमार्गी मालक ५०,००० गुणिले ३० करून १५ लाख धरतो, त्यावर आपला नफा चढवतो आणि ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेलेली पाहतो.

शेजारच्याला काय माहीत असतं, ते पहिला पॅनेल बनताना पाहिलं की कळतं. वायरमन एकेका वायरसाठी ड्रॉइंगकडे वळतो. वायर मापतो, कापतो, फेरूल चढवतो, लग क्रिंप करतो, मग लक्षात येतं की फेरूलवरचा नंबर उलटा वाचला जातोय. दारावरच्या बटणांकडे जाणारी वायर दार बंद असताना बरोबर बसते आणि दार उघडलं की ताणली जाते. ती सगळी काढून परत ओढायची. ड्रॉइंगमध्ये एका टर्मिनलचा नंबर चुकलाय हे टेस्टिंगला कळतं. पाचव्या पॅनेलपर्यंत वायरींच्या लांबीची यादी भिंतीवर लागलेली असते, हेल्पर सकाळीच दहा पॅनेलच्या वायरी कापून जुड्या बांधून ठेवतो आणि वायरमन ड्रॉइंगकडे क्वचितच बघतो. तेव्हा नुसता हातच बसतो असं नाही. ड्रॉइंग सुधारतं, मालाची मांडणी सुधारते, सुपरवायझरच्या चकरा कमी होतात. याला औद्योगिक भाषेत लर्निंग कर्व्ह म्हणतात.

हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते कर्टिस-राइट या अमेरिकी विमान कंपनीतले अभियंते थिओडोर राइट यांनी, १९३६ साली. (विमानवाले राइट बंधू वेगळे.) त्यांना दिसलं की विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची सरासरी मजुरी आधीच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. पुन्हा दुप्पट, पुन्हा ८० टक्के. इथे दोन शब्द घट्ट धरायला हवेत: ‘दुप्पट’ आणि ‘सरासरी’. आणि ८० टक्के म्हणजे २० टक्क्यांची घट, त्यामुळे ९० टक्केवाला कारखाना ८० टक्केवाल्यापेक्षा हळू शिकतो. आकडा मोठा म्हणून खूश होण्यासारखं काही नाही.

आता आपल्या पॅनेलला ८० टक्के लावू. दहा पॅनेलचा एक लॉट धरा. पहिल्या लॉटला ८०० तास. दोन लॉट झाले की सरासरी ८०० च्या ८० टक्के, म्हणजे ६४०. चार लॉट झाले की ६४० च्या ८० टक्के, ५१२. पार्टीला हवे असलेले ३० पॅनेल म्हणजे लॉट दुसरा, तिसरा आणि चौथा. मग तीन लॉट गुणिले ५१२, १,५३६ तास?

नाही. कॉस्टिंगच्या पेपरात मुलं इथेच मार्क घालवतात आणि कारखान्यात इथेच ऑर्डर जाते. ५१२ ही चारही लॉटची सरासरी आहे. तिच्यात पहिल्या लॉटचे ते धडपडीचे ८०० तास मिसळलेले आहेत, आणि ते खर्च होऊन गेलेत. म्हणून आधी चारही लॉटचे एकूण तास काढायचे: ४ गुणिले ५१२, २,०४८. त्यातून पहिल्याचे ८०० वजा करायचे. उरतात १,२४८ तास. तासाला २५० रुपयांनी ३,१२,००० रुपये. माल ३० पॅनेलचा ९ लाख. एकूण १२,१२,०००, पॅनेलमागे ४०,४००. पन्नास हजारांचा पॅनेल पुढच्या ऑर्डरला चाळीस हजार चारशेला पडतो, एकही वायर स्वस्त न घेता.

याच्या उलट टोकाची चूक जास्त महाग असते. उत्साहाच्या भरात कुणी ८० टक्के थेट ५०,००० ला लावतो. चार लॉटची सरासरी किंमत ३२,०००, चाळीस पॅनेलचे १२.८ लाख, त्यातून पहिले ५ लाख वजा, उरले ७.८ लाख, म्हणजे पॅनेल २६,००० ला. पण पॅनेलमध्ये मालच ३०,००० चा आहे! तांब्याला शिकवता येत नाही. शिकतो तो माणूस, म्हणून घट फक्त माणसाच्या तासांना आणि तासांबरोबर हलणाऱ्या खर्चाला. गाळ्याचं भाडं, कर्जाचे हप्ते यांना हा वक्र लागत नाही. मशीनच्या वेगाने चालणाऱ्या कामालाही फारसा नाही: पत्रा कापणाऱ्या लेझरला दहावा पत्रा पहिल्याइतकाच वेळ घेतो. म्हणून काम जितकं हाताचं, तितका वक्र उताराचा.

लॉटची संख्या प्रत्येक वेळी दुपटीत बसेलच असं नाही. तीन लॉटची सरासरी हवी असेल तर सूत्र लागतं:

y = a × x^b, b = log 0.8 ÷ log 2 = −0.3219

y म्हणजे x लॉटपर्यंतची सरासरी, a म्हणजे पहिल्या लॉटचे तास. x च्या जागी ३ घातले की सरासरी ५६१.७ तास येते आणि एकूण १,६८५. चार लॉटचे २,०४८ होतेच. वजाबाकी केली की एकट्या चौथ्या लॉटला ३६३ तास. हा ३६३ जपून ठेवण्यासारखा आकडा आहे. कारण शिकणं कुठेतरी थांबतं. वायर कापायला, लग दाबायला काहीएक वेळ लागणारच. समजा चौथ्या लॉटनंतर आणखी सुधारणा होत नाही असं दिसलं, तर पाचव्यापासून प्रत्येक लॉटला ३६३ तास धरायचे. ५१२ नव्हे, कारण ती सरासरी. आणि वक्र तसाच पुढे ओढायचाही नाही. वक्राप्रमाणे पाच ते आठ या चार लॉटना १,२२९ तास पुरतील असं दिसतं. हात स्थिरावला असेल तर प्रत्यक्षात १,४५२ लागतील. सव्वादोनशे तास कोटेशनमध्ये नसतील तर ते मालकाच्या खिशातून जातात.

आणखी एक खोच आहे. १९४० च्या दशकात लॉकहीड कंपनीतल्या जे. आर. क्रॉफर्ड यांच्या नावाने दुसरी रीत रूढ झाली. तिच्यात ८० टक्के सरासरीला न लावता त्या-त्या नगाला लावतात: दुसऱ्याला पहिल्याच्या ८० टक्के वेळ, चौथ्याला दुसऱ्याच्या ८० टक्के. आपले लॉट तसे मोजले तर दुसरा ६४०, तिसरा ५६२, चौथा ५१२. मिळून १,७१४ तास. आधीच्या रीतीने आले होते १,२४८. टक्केवारी तीच, सूत्र तेच, फरक ४६६ तासांचा, म्हणजे जवळपास १ लाख १६ हजार रुपयांचा. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून कुणी ‘आमच्याकडे ८० टक्के लागतो’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: सरासरीचा की नगाचा?

आणि दुसरा प्रश्न: हा ८० आला कुठून? विमानाचा आकडा पॅनेलला लागू होईल असं कुठे लिहिलंय? आपला आकडा आपल्याच कारखान्यात शोधावा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या लॉटचे खरे तास पुरतात. वक्र म्हणतो ८० टक्के असेल तर दुसऱ्या लॉटला ४८० तास. समजा जॉबकार्डावर ५६० भरले. दोन लॉटचे एकूण १,३६०, सरासरी ६८०. ६८० भागिले ८००, म्हणजे ८५ टक्के. मग चार लॉटची सरासरी ५७८ आणि एकूण २,३१२ तास. पहिले ८०० वजा केले की तीस पॅनेलना १,५१२. आपण भाव दिला होता १,२४८ वर. २६४ तास, ६६,००० रुपये, आणि तेही फक्त पाच टक्क्यांच्या अंदाजाने. एका लॉटवरून काढलेला आकडाही डोळे मिटून घेऊ नये. त्या लॉटमध्ये माल उशिरा आला असेल, तर वाट पाहण्याचे तास शिकण्याच्या हिशेबात घुसतात. ते वेगळे लिहिले असतील तरच वेगळे काढता येतात.

या सगळ्या हिशेबात एक गृहीतक दडलेलं असतं: काम खंड न पडता, त्याच माणसांकडून होतंय. पॅनेलची ऑर्डर आठ महिन्यांनी परत आली, मधल्या काळात दोन वायरमन चाकणला जास्त पगारावर गेले, तर वक्र जिथे सोडला तिथून पुढे सुरू होत नाही. तो पुन्हा वर चढतो. लॉकहीडच्याच एल-१०११ ट्रायस्टार विमानाच्या उत्पादनाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ लॅनियर बेंकार्ड यांनी २००० साली प्रसिद्ध केला. शिकलेलं विसरलं जातं हे गृहीत धरल्याशिवाय त्या विमानाचे तास नीट उलगडत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. पार्टीने डिझाइन बदललं तरी तेच होतं. दारावर फक्त चार बटणं वाढली असतील, पण वायरींच्या लांबीची यादी परत पहिल्यापासून.

तेव्हा तीस पॅनेलचा भाव देताना दोन गोष्टी कोटेशनमध्येच लिहून टाका: हा दर तीसही नग सलग घेतले तरच, आणि ड्रॉइंग न बदलल्यास. आणि दुसरा लॉट सुरू होण्याआधी जॉबकार्डावर प्रत्येक लॉटसाठी वेगळा रकाना पाडा. महिन्याचे तास एकत्र मांडणाऱ्या हजेरीपटावरून हा वक्र कधीच काढता येत नाही.