पडून असलेल्या खात्याचा हिशेब

ऑगस्ट 2024 मध्ये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर, लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून तीन हजार रुपये महाराष्ट्रातल्या बायकांच्या खात्यांवर जमा होऊ लागले. बँकांसमोर रांगा लागल्या आणि रांगेतल्या काही जणींना खिडकीवर दोन धक्के बसले. पहिला म्हणजे पैसे त्या जे पासबुक घेऊन आल्या होत्या त्या खात्यात आलेच नव्हते. ते भलत्याच बँकेतल्या, कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात जाऊन बसले होते. आणि दुसरा असा की त्या विसरलेल्या खात्यात मिनिमम बॅलन्सचा जुना दंड थकलेला असेल, तर आलेल्या पैशांतून बँकेने तो आधी वळता करून घेतला होता. योजनेच्या पैशातून कपात करू नका, असे अखेर सरकारला बँकांना सांगावे लागले.

यातला पहिला धक्का आधारच्या जोडणीतून येतो. सरकारी अनुदान ज्या खात्यात येते ते ठरते आधार क्रमांकावरून, आणि एका आधारमागे एका वेळी एकच बँक जोडलेली असते. ती बहुधा सर्वांत शेवटी ‘सीडिंग’ केलेली बँक असते. कुठल्याशा शिबिरात, कर्जाच्या वा शिष्यवृत्तीच्या निमित्ताने खाते उघडताना अर्जावर जी संमतीची सही होते, तिने ही जोडणी गुपचूप हललेली असते. आपली जोडणी कुठे आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये मिनिटभरात दिसते. दुसरा धक्का मात्र नीट समजून घ्यावा लागतो, कारण तो केवळ योजनेच्या लाभार्थींचा प्रश्न नाही. पुण्या-मुंबईत तीन नोकऱ्या बदललेल्या पगारदारालाही तो तसाच बसतो.

पगारदाराची खाती साधारण एकाच वाटेने साठतात. नवी कंपनी म्हणते, पगार आमच्याच बँकेत होईल. मग नवे खाते, नवे कार्ड, नवे चेकबुक. जुने खाते ‘बघू नंतर’ म्हणून राहते. सॅलरी खात्याला मिनिमम बॅलन्सची अट नसते हे खरे, पण ती सवलत पगारासाठी असते, माणसासाठी नव्हे. सलग काही महिने, बऱ्याच बँकांत तीन महिने, पगार जमा झाला नाही की खाते आपोआप साध्या बचत खात्यात बदलते आणि त्या दिवसापासून अट लागू होते. याचा संदेश येतो, पण तो दिवसाकाठी येणाऱ्या बँकांच्या वीस जाहिरातींत हरवतो.

एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका खासगी बँकेतल्या अशा खात्यात 4,000 रुपये राहिले आहेत आणि अट आहे सरासरी 10,000 ची. दंड कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के, पण महिन्याला 500 पेक्षा जास्त नाही, आणि वर 18 टक्के जीएसटी. काही मोठ्या बँकांचे दरपत्रक याच धाटणीचे आहे. पहिल्या महिन्यात 6,000 रुपये कमी पडतात, म्हणून 360 रुपये दंड, करासह सुमारे 425. खात्यात उरतात 3,575. दुसऱ्या महिन्यात त्यामुळेच तूट वाढते आणि कपात होते 455 रुपयांची. तिसऱ्या महिन्यात 487, चौथ्यात 522. दंडाने शिल्लक घटते आणि घटलेल्या शिल्लकीने दंड वाढतो. सहाव्या महिन्यात कमाल मर्यादा गाठली जाते, तेव्हापासून दरमहा 590. सातव्या महिन्याअखेर खात्यात पावणेचारशेच्या आसपास उरतात आणि आठव्यात खाते कोरडे होते. मध्यंतरी मिळणारे व्याज अगदी किरकोळ असते, त्याने काही फरक पडत नाही.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथे ग्राहकाच्या बाजूचे आहेत, हे सांगायला हवे. मिनिमम बॅलन्सचा दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणातच हवा, लावण्याआधी ग्राहकाला कळवून महिनाभराची मुदत द्यायला हवी, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये. हे 1 एप्रिल 2015 पासून बंधनकारक आहे. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून, निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर हा दंड लावायलाच मनाई आहे आणि असे खाते पुन्हा चालू करायलाही शुल्क घेता येत नाही. मेख आहे ती ‘निष्क्रिय’ कधी म्हणायचे यात. ग्राहकाने स्वतः काहीही व्यवहार न करता दोन वर्षांहून जास्त काळ लोटला, तरच खाते निष्क्रिय. आपल्या उदाहरणातले 4,000 रुपये तर आठ महिन्यांतच संपले. संरक्षण सुरू होईपर्यंत राखायला काही उरलेलेच नसते.

मग दंड टाळायला 10,000 ठेवून द्यावेत का? बरेच जण तेच करतात. अशी तीन खाती म्हणजे 30,000 रुपये अडकले. बचत खात्यावर अडीच टक्के धरले तर वर्षाला 750 रुपये व्याज, तेच पैसे सहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर 1,800. डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क वेगळे. ते 200 रुपये असले तर करासह 236, आणि ते कार्ड वापरा न वापरा, कापले जाते. एसएमएसचे तिमाही शुल्क त्यावर. रक्कम छोटी आहे, पण ती दरवर्षी जाते आणि बदल्यात काहीच येत नाही.

सरकारी बँकांत चित्र बरेच बदलले आहे. स्टेट बँकेने 2020 मध्येच बचत खात्यांवरची ही अट काढली. 2025 च्या मध्यावर कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही दंड बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी अट थेट 50,000 वर नेली आणि ओरड होताच काही दिवसांत ती 15,000 वर आणली. खाते उघडताना असलेली अट कायमची नसते, एवढे यातून दिसते. ती बदलल्याचे पडून असलेल्या खात्याच्या मालकाला सर्वांत शेवटी कळते.

पैशांपलीकडची एक जोखीमही आहे, ती मोबाइल क्रमांकाची. बंद केलेले सिम कार्ड कायमचे बंद होत नाही. नव्वद दिवसांनंतर तोच क्रमांक कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. सहा वर्षांपूर्वीच्या खात्याला सहा वर्षांपूर्वीचा क्रमांक जोडलेला असेल, तर त्या खात्याचे संदेश आणि ओटीपी आज कुणा तिऱ्हाइताच्या फोनवर वाजत असतील. एवढ्याने पैसे जातातच असे नाही, पण काही गैरव्यवहार झाला तर मालकाला कळायचा मार्गच उरत नाही. सायबर चोरांना तर चोरलेला पैसा फिरवायला अशीच नजरेआड पडलेली खाती हवी असतात. ‘पडूनच आहे ना, दे चार महिने वापरायला’ म्हणून हजार-दोन हजारांत खाते देणाऱ्यांच्या दारात पुढे पोलीस येतात, कारण खाते ज्याच्या नावावर, जाब त्यालाच.

म्हणजे एकच खाते ठेवावे? नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर बंधने आली, तेव्हा काही दिवस तेवढेही नाही. पगार, घरभाड्याचा चेक, मुलांची फी असे सगळे ज्यांचे त्याच एका बँकेत होते, त्यांची अडचण ठेवी बुडण्याच्या भीतीपेक्षा रोजच्या किराण्याची होती. ठेव विमा फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत आहे, व्याज धरून. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन खाती उघडली तरी मर्यादा पाच लाखच. त्यामुळे वेगळेपण हवे ते बँकेचे, शाखेचे नव्हे.

बहुतेक घरांना दोन खाती पुरतात. एक पगाराचे आणि रोजच्या खर्चाचे, यूपीआय त्यालाच जोडलेले. दुसरे वेगळ्या बँकेत, शक्यतो मिनिमम बॅलन्सची अट नसलेले, अडीअडचणीच्या पैशांसाठी. नवरा-बायकोचे संयुक्त खाते असेल तर ते तिसरे. चौथ्या खात्याला कारण सांगता आले पाहिजे, आणि ‘कार्डावर सिनेमाची तिकिटे स्वस्त मिळतात’ हे फारसे चांगले कारण नव्हे. प्रत्येक खात्याचे व्याज प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. बँका ते खात्याला कळवतातच, तेव्हा विसरलेल्या खात्याचे दोनशे रुपयेही तिथे उगवतात.

बंद करण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण त्याचा क्रम चुकला तर महिनोन्महिने निस्तरत बसावे लागते. आधी गेल्या वर्षभराचे स्टेटमेंट काढून त्यातून आपोआप काय काय जाते-येते ते पाहावे. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, गॅसचे अनुदान, शेअरचा लाभांश. हे सगळे नव्या खात्यावर वळवावे. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला आणि प्राप्तिकराच्या परताव्याला कुठले खाते जोडले आहे हे हमखास विसरले जाते. जुन्या नोकरीचे बंद खाते तिथे तसेच राहिले, तर पैसे काढायच्या वेळी घोडे अडते. त्यानंतर जुनी स्टेटमेंट उतरवून ठेवावीत, कारण खाते बंद झाले की नेट बँकिंगही बंद. मगच खाते बंद करण्याचा अर्ज, उरलेले चेक आणि कार्ड घेऊन शाखेत जावे. संयुक्त खाते असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. खाते उघडून वर्षही झाले नसेल तर बऱ्याच बँका बंद करण्याचे शुल्क लावतात, वर्षानंतर सहसा नाही. अर्जाची पोच आणि नंतर खाते बंद झाल्याचे पत्र मागून घ्यावे.

खिडकीवर एक उत्तर हमखास मिळते: ‘आधी थकलेला दंड भरा, मग बंद करू.’ खात्यात शून्य शिल्लक आहे आणि थकबाकी निव्वळ मिनिमम बॅलन्सच्या दंडाची आहे, तर वाद न घालता शाखा व्यवस्थापकाच्या नावे लेखी अर्ज द्यावा. त्यात दंड लावण्यापूर्वी बँकेने कोणत्या तारखेला कळवले ते विचारावे आणि या दंडामुळे खाते उणे करता येत नाही या नियमाचा उल्लेख करावा. पुष्कळदा दंड तिथेच माफ होतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.