संपादकांना पत्र लिहिताना: पाणी उतरलं, पक्षी वाढले?

मंडळी, समजा तुम्ही नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयावर आणि लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा प्रकल्पावर पाणपक्षी मोजलेत. लेख तयार आहे. आता संशोधन पत्रिकेच्या संपादकांना सोबतचं पत्र लिहायचंय. बहुतेक जण ते शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात आणि त्यातच एक वाक्य घसरतं: ‘पाण्याची पातळी कमी झाली की पक्ष्यांची संख्या वाढते, असे आम्ही दाखवले आहे.’

खरंच दाखवलंय का? समजा जलाशयावर सहाशे पक्षी आहेत. दिवाळीच्या सुमारास धरण भरलेलं असताना ते लांबवर पांगलेले असतात आणि बांधावरच्या एकाच जागेवरून तुम्हाला दीडशेच दिसतात. फेब्रुवारीत पाणी ओसरतं, चिखलाची काठं उघडी पडतात, शेकाट्या, तुतारी तिथं चरायला गोळा होतात. आता साडेचारशे दिसले. पक्षी तेवढेच, दिसणं तिप्पट! म्हणजे तुम्ही मोजली ती दिसलेली संख्या.

दुसरी अडचण ऋतूची. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आपल्याकडे पाणीही नेमकं याच काळात उतरत जातं. त्यामुळे एकाच वर्षाच्या नोंदींतून, फरक पाण्यामुळे पडला की महिन्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. त्यासाठी महिना तोच पण पाणी वेगळं, अशी वर्षं लागतात. मराठवाड्यात ती मिळतात, हे दुर्दैवच म्हणायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा पुन्हा भरलं. अशा दोन हिवाळ्यांचे जानेवारी तुमच्या वहीत असतील, तर पत्रात पहिल्या परिच्छेदात तेच सांगा. संपादक पुढं वाचतील.

पत्र बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर आधी आपल्या भाषेत पक्का करा. उदाहरणार्थ: ‘आम्ही ठरावीक जागांवरून दर महिन्याला गणना केली आणि तीच तारीख धरणाच्या पातळीच्या नोंदीशी जोडली. एकाच महिन्याची तुलना केल्यावर, उथळ पाण्यात चरणारे पक्षी कमी पातळीला अधिक दिसले. पाणबुड्या बदकांबाबत तसे आढळले नाही. दिसण्यातील फरकाची दुरुस्ती आम्ही केलेली नाही आणि ही मर्यादा लेखात नोंदवली आहे.’ अर्थात, तुमच्या आकड्यांतून जे निघालं तेच लिहायचं. पण मर्यादा पत्रातच कबूल केली, म्हणून लेख पडतो असं समजू नका. ती लपवलेली परीक्षकाला सापडली, तर मात्र उत्तर द्यावं लागतं.

‘मराठवाड्यातील पहिलाच अभ्यास’ हे वाक्य तर काढूनच टाका. जुने प्रबंध ग्रंथालयांत पडून असतात; कुणीतरी दाखवून देतं.

बाकी ठरलेल्या गोष्टी: लेख दुसरीकडे पाठवलेला नाही, सर्व लेखकांची संमती आहे, पातळीचे आकडे कुठून घेतले, हितसंबंधांचा संघर्ष आहे की नाही. परीक्षकांची नावं मागितली असतील तर आपल्या मार्गदर्शकांचं नाव देऊ नका. आणि पाठवण्याआधी वरचं पत्रिकेचं नाव तपासा. मागच्या नकाराच्या पत्रातलं जुनं नाव तसंच राहिलेलं असतं.