कोट निळा, प्रिंट जांभळी

लग्नसराईत फोटो स्टुडिओत रंगावरून कुरबुरी का होतात ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून बीडच्या बाजारपेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत जाऊन बसलो. तिथला तरुण ऑपरेटर सहा शायांच्या इंकजेट प्रिंटरवर फोटो काढून देतो. समोर नवरदेवाचा फोटो होता, रॉयल ब्लू कोटातला. पडद्यावर कोट झगझगीत निळा. प्रिंट हातात आली तेव्हा तोच कोट जांभळा, चेहरेही लालसर. "मॅजेंटा मारतोय," तो म्हणाला आणि प्रिंट बाजूला ठेवून सेटिंग उघडायला लागला.

पडदा लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून रंग दाखवतो. कागद स्वतः उजेड देत नाही. शाई त्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला परत येतो. अशा प्रिंटरकडे गडद निळी शाई नसतेच. निळा करायचा तर आकाशी सायनवर गुलाबी मॅजेंटा चढवावी लागते. मॅजेंटा थोडी जरी जास्त झाली की निळा जांभळ्याकडे झुकतो.

किती जास्त, किती कमी, हे ठरवण्यासाठी कलर प्रोफाइल असते. ही एक छोटी फाइल, शेवटी .icc लिहिलेली. अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद एकत्र आले की कुठला आकडा दिल्यावर प्रत्यक्षात कुठला रंग उमटतो, याचा तक्ता तिच्यात असतो. १९९३ मध्ये संगणक आणि छपाई क्षेत्रातल्या कंपन्यांनी आयसीसी ही संस्था काढून या फाइलचा नमुना ठरवला. म्हणून फोटोशॉपला ती कुठल्याही प्रिंटरची असली तरी वाचता येते.

त्या दिवशी घोळ असा होता की रंग दोनदा बदलला जात होता. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत Photoshop Manages Colors निवडलेलं होतं, म्हणजे प्रोफाइल बघून फोटोशॉप आकडे बदलून पाठवत होतं. प्रिंटरचा ड्रायव्हर ते आकडे मूळचेच समजून त्यावर आपली दुरुस्ती पुन्हा करत होता. ऑपरेटरने ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद केली आणि त्याच कागदावर पुन्हा प्रिंट काढली. चेहऱ्यावरची लाली गेली, कोट निळा झाला. पडद्यावरची झगझग मात्र आली नाही, आणि ती येणारही नव्हती, कारण तेवढा तेज निळा या शायांच्या आवाक्यातच नाही. हे आधी कळावं म्हणून तो फोटोशॉपमध्ये Proof Setup मध्ये प्रोफाइल निवडतो आणि Ctrl+Y दाबून गिऱ्हाइकाला पडद्यावरच फिकट झालेला कोट दाखवतो. पडद्याचा ब्राइटनेसही त्याने बराच उतरवून ठेवलाय, नाहीतर प्रिंट काळवंडलेलीच वाटते.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते ड्रायव्हरमधल्या Media Type या ओळीने. नाव कागदाचं, पण ती ठरवते शाईचं माप. ग्लॉसी कागदावर शाई धरून ठेवणारा लेप असतो, म्हणून ग्लॉसी निवडलं की प्रिंटर भरपूर शाई सोडतो. साध्या कागदाला लेप नसतो, शाई धाग्यांत पसरते. म्हणून Plain Paper निवडलं की तो हात आखडता घेतो. ऑपरेटरने मुद्दाम ग्लॉसी कागदावर Plain Paper लावून तोच फोटो काढला. कोट धुवट, काळा राखाडी, केसांत दाणे. मग उलट केलं: साध्या कागदावर ग्लॉसीचं सेटिंग. कागद ओला होऊन त्याला लाटा आल्या, रंग मागून दिसायला लागला. पडद्यावर दोन्ही वेळा फोटो तोच होता. प्रोफाइलही एका ठरावीक Media Type वर छापूनच बनवलेली असते. ती ओळ बदलली की शाईचं माप बदलतं आणि तक्ता खोटा ठरतो.

खरी अडचण पुढे आहे. स्टुडिओ चालतो स्वस्त कागदावर आणि बाटलीतून भरलेल्या दुसऱ्या बनावटीच्या शाईवर. प्रिंटरसोबत येणारी प्रोफाइल मूळ शाई आणि मूळ कागद धरून केलेली असते, त्यामुळे इथे ती अंदाजापुरतीच. आपल्या जोडीची प्रोफाइल करायची तर सगळी दुरुस्ती बंद ठेवून शेकडो रंगीत चौकोन छापायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने एकेक मोजायचे. छोट्या स्टुडिओला ते यंत्र घेणं परवडत नाही. चौकोन छापून कुरियरने पाठवले की मोजून फाइल देणारे आहेत, पण पुढची बाटली वेगळ्या बनावटीची निघाली की ती फाइलही बाद. मला वाटतं, पैसे वाचवायचेच तर कागदात वाचवावेत. शाईची बनावट एकदा धरली की सोडू नये.

स्वतःची प्रोफाइल होईपर्यंत ऑपरेटर हाताने निभावतो. नवीन कागदाचं पाकीट फोडलं की आधी नोझल चेक, कारण एक नळी तुंबली तरी फोटो भलताच रंग मारतो आणि दोष प्रोफाइलवर जातो. मग एक चेहरा, एक करड्या रंगाची पट्टी आणि एक गडद निळा असलेली छोटी चाचणी प्रिंट. करडी पट्टी गुलाबी दिसली तर मॅजेंटा थोडी उतरवायची, हिरवट दिसली तर चढवायची. प्रिंट वाळल्यावर तो ती दुकानाच्या ट्यूबखाली बघत नाही, दारात नेऊन दिवसाच्या उजेडात बघतो. मी निघालो तेव्हा त्या दिवशीची पट्टी अजून किंचित हिरवी होती आणि तो चौथ्यांदा कागद घालत होता.